मोठा आरसा नेमके काय वाढवतो?

प्रश्न: माझ्याकडे ६ इंची डॉब्सोनियन आहे. पुण्यात गच्चीवरून एम ५१ दीर्घिका खूप शोधली, काहीच दिसलं नाही. मॅग्निफिकेशन वाढवलं तर अजूनच अंधार झाला. १२ इंची घेतली तर दिसेल का? आणि मोठ्या आरशातून अंधुक गोष्टी दिसतात, म्हणजे आत नक्की काय होतं?

उत्तर:

या हिशेबाची सुरुवात आरशापासून न करता डोळ्यापासून करावी, कारण आरशाने गोळा केलेला प्रकाश शेवटी डोळ्यातच उतरायचा असतो. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर रुंद होते. पन्नाशीनंतर ती बहुधा ५ मिलिमीटरच्या आसपासच थांबते. अभिजितसारख्या शून्य प्रतीच्या ताऱ्याकडून, डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचे ढोबळमानाने १० लाख कण दर सेकंदाला पृथ्वीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर येतात. प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप आहे; ती ५ ने वाढली की प्रकाश १०० पटींनी घटतो. त्यामुळे सहाव्या प्रतीच्या ताऱ्याकडून चौरस सेंटिमीटरला साधारण ४,००० कण येतात आणि बाहुलीचे क्षेत्रफळ जेमतेम ०.३८ चौरस सेंटिमीटर असल्यामुळे त्यांपैकी दीड हजार कण डोळ्यात शिरतात. डोळा कॅमेऱ्यासारखा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात जे हाती आले, तेवढ्यावर तो निकाल देतो, म्हणजे त्याच्या हाती दीडशेच कण असतात. १९४२ साली हेख्ट, श्लेर आणि पिरेन यांनी केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की, डोळ्याच्या पृष्ठभागावर ५० ते १५० कणांची चमक पडली तरच माणसाला ती जाणवते. उत्तम अंधाऱ्या आकाशातही नुसत्या डोळ्यांची मजल सहाव्या प्रतीच्या आसपास का संपते, याचे कारण या दोन आकड्यांच्या जवळिकीत आहे.

आता कन्या राशीतील ३सी २७३ हा क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा, घ्या. त्याची प्रत १२.९ आहे आणि त्याचा प्रकाश दोन अब्ज वर्षांहून अधिक प्रवास करून येतो. नुसत्या डोळ्यात त्याचे दर सेकंदाला दोन किंवा तीन कण पडतात. ते पडतात हे खरे, पण दोन कणांच्या मधे डोळा आधीचा कण विसरून गेलेला असतो. दुर्बिणीचे काम इतकेच की, डोळ्याच्या शेजारून वाया जाणारे कण वळवून याच बाहुलीतून आत पाठवायचे. कौलारू घराच्या छपरावर पडलेला पाऊस पन्हळीने एका पिंपात यावा, तसे हे आहे. पाऊस तोच असतो, पण छप्पर जितके मोठे तितके पिंप लवकर भरते.

आरशाचे छप्पर मात्र फार नाजूक उताराचे असावे लागते. ताऱ्याचे किरण आपल्यापर्यंत समांतर येतात आणि आरशाच्या कडेवर पडलेल्या किरणाला व मध्यावर पडलेल्या किरणाला नाभीपर्यंत अगदी सारखेच अंतर कापावे लागले, तरच त्यांच्या लहरी तेथे एकमेकींना साथ देतात. हे साधणारा आकार म्हणजे पॅराबोला, आणि त्यात चूक चालते ती लहरीच्या लांबीच्या साधारण आठव्या भागाइतकी, म्हणजे ७० नॅनोमीटर. डोक्याच्या केसाच्या जाडीचा सुमारे हजारावा भाग. आरसे घासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. काच खोलगट करायला काही दिवस पुरतात, पण या शेवटच्या ७० नॅनोमीटरला कधीकधी महिने लागतात. आकार चुकला तर प्रकाश तितकाच गोळा होतो, पण तो एका टिंबात न उतरता भोवती सांडतो. आणि अंधुक ताऱ्याच्या बाबतीत सांडलेला प्रकाश हा नसल्यातच जमा असतो.

तुमच्या ६ इंची, म्हणजे १५० मिलिमीटरच्या आरशाचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर आहे. त्यातून वजावटही करावी लागते. समोरचा छोटा तिरपा आरसा ६ ते ७ टक्के वाट अडवतो आणि ॲल्युमिनियमचा ताजा मुलामाही प्रत्येक परावर्तनात सुमारे १२ टक्के प्रकाश गिळतो. दोन आरसे आणि अडथळा मिळून ७० टक्क्यांच्या थोडा वर प्रकाश हाती राहतो. या हिशेबाने ३सी २७३ चे सेकंदाला सुमारे ९०० कण तुमच्या दुर्बिणीतून डोळ्यात जातील, ८ इंचीतून दीड हजारांवर आणि १२ इंचीतून साधारण ३,५००. सहाव्या प्रतीच्या ताऱ्याकडून नुसत्या डोळ्यात येतात ते दीड हजारच होते, हे लक्षात घेतले म्हणजे ८ इंची दुर्बीण या क्वेसारच्या उंबरठ्यावर का उभी असते हे कळते. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते आणि ताऱ्यांच्या बाबतीत दीड प्रत खोल जाता येते. ताऱ्यापुरते उत्तर इथे जवळपास पूर्ण झाले.

दीर्घिकेची गोष्ट निराळी आहे, आणि तुमची अडचण नेमकी तिथेच आहे.

तारा कितीही मोठा करून पाहिला तरी टिंबच राहतो. त्याचा सगळा प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर एकाच जागी पडतो. एम ५१ मात्र आकाशात सुमारे ११ कला लांब आणि ७ कला रुंद पसरलेली आहे, एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि मोठी करून पाहिली की तिचा प्रकाशही तितक्याच मोठ्या जागेवर पसरतो. इथे आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या झोताची जाडी पाहावी. आरशाच्या व्यासाला मॅग्निफिकेशनने भागले की ती मिळते. तुमच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर १,२०० मिलिमीटर असेल असे धरतो, कारण या आकाराच्या बहुतेक डॉब्सोनियनचे ते तेवढेच असते. २५ मिलिमीटरच्या आयपीसने ४८ पट मॅग्निफिकेशन आणि सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा झोत मिळतो. १० मिलिमीटरच्या आयपीसने १२० पट मॅग्निफिकेशन मिळते, पण झोत सव्वा मिलिमीटरचा होतो. या बदलात दीर्घिकेचे चित्र अडीच पट लांब आणि अडीच पट रुंद झाले, म्हणजे प्रकाश सहा पटींहून अधिक पातळ झाला. तुम्हाला दिसलेला अंधार तो हाच. दीर्घिका आणि तिच्या मागचे आकाश दोन्ही एकदमच काळवंडले.

समजा आता तुम्ही १,५०० मिलिमीटर नाभीय अंतराची १२ इंची दुर्बीण घेतली आणि तिला १५ मिलिमीटरचा आयपीस लावला. मॅग्निफिकेशन १०० पट आणि झोत पुन्हा ३ मिलिमीटरचाच. प्रकाश चौपट आला, पण तो पसरलाही चौपटीहून किंचित मोठ्या जागेवर. म्हणजे एम ५१ चा पृष्ठभाग ६ इंचीत ४८ पटीला जितका उजळ दिसत होता, तितकाच १२ इंचीत १०० पटीला दिसतो. छपराच्या भाषेत सांगायचे तर छप्पर चौपट झाले, पण पिंपेही चार झाली आणि प्रत्येक पिंपातली पातळी होती तेवढीच राहिली. हे ऐकून अनेक जण हुज्जत घालतात, पण पसरलेल्या वस्तूचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा उजळ करून दाखवणारी दुर्बीण आजवर झालेली नाही आणि होणारही नाही. झोत बाहुलीपेक्षा जाड असेल तर जास्तीचा प्रकाश बाहुलीबाहेर सांडतो आणि बारीक असेल तर चित्र अंधुक होते. देवयानी दीर्घिका २ मीटरच्या आरशातून डोळ्यांनी पाहिली, तरी तिचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्यांना दिसतो त्याहून उजळ होणार नाही.

मग मोठ्या आरशात अंधुक दीर्घिका दिसतात हा सगळ्यांचा अनुभव खोटा ठरतो का? मुळीच नाही, फक्त त्याचे कारण आरशापेक्षा डोळ्यात अधिक आहे. मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्याच्या दंडाकार पेशी एकएकट्या निर्णय देत नाहीत. पडद्यावरच्या मोठ्या टापूतील पेशी आपापले तुटपुंजे संकेत एकत्र करतात, आणि डाग जितका मोठा तितक्या जास्त पेशींची साक्ष जमते. म्हणून सारख्याच फिकट असलेल्या दोन डागांपैकी मोठा डाग दिसतो आणि छोटा दिसत नाही. ब्लॅकवेल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हजारो निरीक्षणांतून हे मोजले आणि १९४६ साली त्याचे तक्ते प्रसिद्ध केले. पार्श्वभूमी जितकी काळोखी, तितका डागाचा आकार अधिक महत्त्वाचा ठरतो, असे त्यांतून स्पष्ट दिसते. १२ इंची दुर्बीण एम ५१ ला अधिक उजळ करत नाही; उजळपणा न घटवता ती तिला चौपट मोठी करते. लहान आरशाला इतकी मोठी करायला सांगितले तर तो झोत बारीक करून, म्हणजे चित्र विझवत विझवत ते करतो. मोठ्या आरशाचा लाभ या एका वाक्यात आहे, आणि दुर्बीण विकणारे तो सहसा या शब्दांत सांगत नाहीत.

याच दीर्घिकेच्या इतिहासात याचा दाखला आहे. लॉर्ड रॉस यांनी १८४५ च्या वसंतात आयर्लंडमधील पार्सन्सटाउन येथे ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून एम ५१ पाहिली आणि तिचे सर्पिल फाटे रेखाटले. तोवर लहान दुर्बिणींतून पाहणाऱ्यांना त्या जागी दोन धूसर ठिपके आणि भोवती एखादे वलय इतकेच दिसत आले होते. रॉस यांचा आरसा काचेचा नव्हता, तर तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा होता. तो अगदी ताजा घासलेला असतानाही जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश परतवत असे आणि दोन आरशांनंतर निम्म्याहून कमी प्रकाश उरत असे. तरीही त्यांना फाटे दिसले, कारण एवढ्या व्यासामुळे चित्र पुरेसे मोठे करूनही ते विझत नव्हते.

आता पुण्याचे आकाश. एम ५१ ची एकूण प्रत ८.४ आहे, पण तिचा प्रकाश तिच्या सगळ्या विस्तारावर वाटला तर प्रत्येक चौरस विकलेच्या, म्हणजे कलेच्या साठाव्या भागाएवढी बाजू असलेल्या चौकोनाच्या, वाट्याला सरासरी २२ व्या प्रतीच्या जवळपास प्रकाश येतो. गाभा याहून उजळ आणि फाट्यांची टोके याहून फिकट. चांगल्या अंधाऱ्या जागी नुसते आकाश चौरस विकलेला २१.५ प्रतीचे असते, म्हणजे दीर्घिका आकाशाच्या उजेडात साठ टक्क्यांच्या वर भर घालते आणि ती भर डोळ्याला जाणवते. मोठ्या शहरात आकाश सहज १८ प्रतीचे होते, म्हणजे पंचवीस पट उजळ. तिथे त्याच दीर्घिकेची भर अडीच टक्क्यांची उरते. आरसा दीर्घिकेचा प्रकाश गोळा करतो तसा शहराच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशाचाही गोळा करतो, अगदी त्याच प्रमाणात, त्यामुळे या अडीच टक्क्यांना ६ इंची किंवा १२ इंची यांच्यापैकी कोणीही तीन टक्के करू शकत नाही. गच्चीवरून १२ इंचीत तुम्हाला एम ५१ आणि तिची सोबतीण एनजीसी ५१९५ यांचे गाभे दोन पुसट ठिपक्यांसारखे दिसतील. फाटे दिसणार नाहीत. ताऱ्यांची गोष्ट मात्र शहरातही मोठ्या आरशाच्या बाजूची आहे. मॅग्निफिकेशन वाढवले की आकाश पसरून काळे होते आणि तारा टिंबच राहतो, म्हणून तारकागुच्छ गच्चीवरूनही मोठ्या दुर्बिणीत खुलतात.

मोठा आरसा घेऊनही तो पूर्ण वापरला जात नाही, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. परिचयातील एका गृहस्थांनी अशीच १२ इंची घेतली आणि ‘भरपूर उजेड हवा’ म्हणून तिला कायम ४० मिलिमीटरचा आयपीस लावून ठेवला. मॅग्निफिकेशन साडेसदतीस पट आणि झोत ८ मिलिमीटर जाडीचा. त्यांचे वय साठीचे, बाहुली ५ मिलिमीटरच्या आसपास. झोताच्या बाहेरच्या कडेचा प्रकाश त्यांच्या बुबुळावर पडून वाया जात होता आणि एवढी वजनदार दुर्बीण त्यांच्यापुरती साडेसात इंचीचे काम करत होती. त्यांना १५ मिलिमीटरचा आयपीस लावून दिला, तेव्हा आकाश काळे झाले आणि नुसत्या करड्या पडद्यातून दीर्घिका वर आल्या. अंधुक दीर्घिकांसाठी २ ते ३ मिलिमीटरचा झोत हा माझ्या अनुभवात सर्वांत फलदायी ठरला आहे. तुम्ही १२० पटीपर्यंत गेलात ते फार पुढे गेलात. १६ मिलिमीटरच्या आसपासचा आयपीस मिळाला तर तो वापरून पाहा.

दुसरा चोर म्हणजे उष्णता. घरातून आणलेला आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतो आणि त्याच्यावरून उठणारी ऊन हवा ताऱ्याचे टिंब विस्कटते. आरसा जितका जाड, तितका तो सावकाश निवतो, म्हणून १२ इंचीला तासाहूनही अधिक वेळ द्यावा लागतो. एखादा ठळक तारा फोकसच्या थोडा बाहेर नेऊन पाहिला तर याची परीक्षा होते: त्या चकतीत पाण्यासारख्या संथ लाटा सरकत असतील तर आरसा अजून गरम आहे, आणि मधली काळी सावली एका बाजूला सरकलेली असेल तर आरसे एका रेषेत नाहीत. धुळीला मात्र लोक विनाकारण घाबरतात. आरशावर दिसणारी धूळ एकदोन टक्के प्रकाश खाते, तर चुकीच्या हाताने पुसलेला मुलामा कायमचा ओरखडतो. कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत मुलामा लवकर निस्तेज होतो, हे वेगळे. आरशातून उजेडाकडे पाहिल्यावर जागोजागी सुईच्या टोकाएवढी छिद्रे चमकू लागली, की नवा मुलामा देण्याची वेळ झाली असे समजावे.

कॅमेऱ्याचा उल्लेख तुम्ही केला नाही, पण बाराव्या-तेराव्या प्रतीपलीकडचे विश्व त्याच्याशिवाय उलगडत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. कॅमेरा कण साठवतो, तेव्हा लहान आरशाने जास्त वेळ घेतला की झाले, असे वाटते; परंतु साठतात ते आकाशाचेही कण, आणि त्यांची संख्या दर क्षणी हेलकावत असते. आंबेगाव तालुक्यातील गिरवली येथे आयुका या पुण्याच्या खगोलसंशोधन संस्थेची २ मीटर आरशाची दुर्बीण आहे. तेवढा आरसा, चौरस विकलेला २१ प्रतीचे आकाश आणि एकूण तृतीयांश कार्यक्षमता धरली, तर २३ व्या प्रतीच्या ताऱ्याचे सेकंदाला सहा कण नोंदले जातात आणि त्याच टिंबाखालच्या आकाशाचे सत्तर. हजार सेकंदांत तारा ६,००० कण देतो, तर एकूण ७६,००० कणांच्या बेरजेचा हेलकावा त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे २७५ असतो. तारा त्यातून बावीस पट वर उठून दिसतो. ८ इंची आरशाला त्याच वेळात शंभरावा भाग मिळतो: ६० कण ताऱ्याचे आणि हेलकावा २८ कणांचा, म्हणजे तारा आहे की भास हे ठरवणे अवघड. बावीस पटींची तीच खात्री हवी असेल तर शंभर पट वेळ, म्हणजे जवळजवळ २८ तास लागतील, आणि एवढी रात्र कोणाकडे नसते.

तुमच्यापुरते सांगायचे तर १२ इंचीचा विचार करण्याआधी हीच ६ इंची चैत्र-वैशाखातील एखाद्या अमावास्येच्या आसपास सह्याद्रीच्या अंधाऱ्या बाजूला न्या. सप्तर्षीच्या शेपटीचे टोक असलेल्या मरीचीपासून श्यामशबल या तारकासमूहाच्या दिशेने साडेतीन अंशांवर एम ५१ आहे आणि आपल्याकडून ती उत्तरेला ६० अंशांपर्यंत चढते, म्हणजे हवेचा फार जाड थर मधे येत नाही. अर्धा तास मोबाइलकडे न पाहता अंधारात बसा, डोक्यावर काळे कापड घ्या, २५ मिलिमीटरचा आयपीस लावा आणि नजर दीर्घिकेवर न रोखता थोडी बाजूला ठेवा, कारण नजरेच्या ऐन मध्यभागी दंडाकार पेशी नसतात. काही दिसत नसेल तर नळीला हलकेच टिचकी मारा. हललेला डाग डोळ्याला चटकन कळतो. एकमेकांना लागून असलेले दोन धूसर डाग, एक मोठा व एक लहान, तुम्हाला दिसतील. त्याच जागी, त्याच रात्री कोणाची १२ इंची असेल तर तिच्यात १०० पटीला पाहा. मोठ्या डागाच्या धुक्यात तुटक वळणे दिसू लागली, तर १२ इंचीसाठी पैसे साठवायला हरकत नाही. फक्त तिला गाडीत घालून इथवर आणण्याची तयारीही तेव्हाच ठरवा.